साडीची कूस बदला

दुकान उघडून दहा मिनिटंही झाली नव्हती आणि एक बाई रडवेल्या तोंडानं पिशवी घेऊन आत आल्या. पिशवीतून त्यांनी साडी काढली. सुती, हातमागाची, लाल काठाची. तिचं अंग पांढरं असायला हवं होतं, ते छान गुलाबी झालं होतं.

"मशीनमध्ये टाकलीत?" ताईनं विचारलं.

"हलक्यावर टाकली हो."

"पाणी?"

"कोमट. अगदी कोमट."

"आणि सोबत काय होतं?"

बाईंनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. "ह्यांचे दोन टॉवेल. तेपण गुलाबी झालेत. ते घरात फिरतायत आता टॉवेल गुंडाळून, मला टोमणे मारत."

ताईनं हसू दाबलं, साडी उलटसुलट करून पाहिली आणि खरं ते सांगितलं, की आता हा रंग निघणार नाही. बाई गेल्या. ताईनं मागच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "अहो लेखक!"

लेखक म्हणजे तिचा धाकटा भाऊ. वय पंचवीस. कॉलेज अर्धवट सोडलेलं. फोटो काढणं, दुकानाचं पेज चालवणं, सगळं स्वतःच पडत-धडपडत शिकलेला. लिहायचा म्हणजे दोन्ही अंगठ्यांनी, झपाटल्यासारखा, आणि मग तासभर काहीच नाही.

"ह्या महिन्यातली ही चौथी," ताई म्हणाली. "एकदाच काय ते लिहून टाक. धुवायचं कसं, ठेवायचं कसं. सोप्या भाषेत. पाठ्यपुस्तक नको."

"सोप्या म्हणजे कशा?"

"आई सांगायची तसं."

झालं. एवढं बोलून ती हिशेब न करता नुसतीच गल्ल्याचा ड्रॉवर उघडत-मिटत बसली. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी आईचं नाव निघालं की हिचे हात काहीतरी शोधायला लागायचे.

त्या घरात कामाची वाटणी सरळ होती. विणायचं आप्पांनी, सांभाळायचं आईनं. मागच्या खोलीत आप्पांचा माग. पुढं दुकान, आणि दुकानात आई. साडी घडी घालून कागदात ठेवेपर्यंत ती गिऱ्हाइकाला सोडायची नाही. "थांबा हो, पळताय कुठं? पोरगी सासरी देतेय मी, दोन शब्द ऐकून जा." ते दोन शब्द कधी वीस मिनिटांच्या आत संपले नाहीत. धाकटा शाळेचा गृहपाठ त्याच काउंटरखाली बसून करायचा. पाढे विसरला, हे सगळं पाठ राहिलं.

तो मागाशेजारच्या पोत्यांवर जाऊन बसला आणि टाइप करायला लागला.

"सुती साडी पहिल्यांदा धुताना एकटीच धुवा. गार पाणी. तिला सोबत नको, कुणाचे टॉवेल तर नकोच नको. मीठ टाकलं की रंग पक्का होतो असं सगळे सांगतात. टाका हवं तर मूठभर, पण कच्चा रंग मिठानं पक्का होत नसतो. गार पाणी आणि एकटेपणा, हेच खरं औषध. साबण सौम्य, रिठ्याचं पाणी असेल तर सोन्याहून पिवळं. भिजत ठेवून बाजारात जाऊ नका. पिळू नका. ती काय उसाचं कांडकं आहे? टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत वाळवा."

वाचलं. आईच बोलतेय असं वाटलं. मग बोटं पळायला लागली.

"रेशमी साडी घरी धुवू नका. ड्रायक्लीनला द्या, तेही दर वेळी नाही. नेसून आलात की लगेच कपाटात कोंबू नका, दोन-चार तास सावलीत वारा लागू द्या. घामाची साडी तशीच ठेवली तर डाग नंतर बोलतो. अत्तर अंगाला लावा, साडीला नाही, जरीचा काठ काळा पडतो. इस्त्री उलट्या बाजूनं, वर सुती फडकं टाकून. खळ घातलेली साडी महिनोन्‌महिने ठेवू नका, किड्यांना जेवण वाढल्यासारखं होतं."

"ठेवायची ती जुन्या, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून. प्लास्टिकमध्ये कधीच नाही. तिला श्वास घ्यायचा असतो. प्लास्टिकच्या आत दमट राहतं, जरीचे काठ काळवंडतात, रेशीम कुजतं. डांबराच्या गोळ्या साडीला चिकटून ठेवू नका."

इथं त्याचा अंगठा थांबला.

पुढचं वाक्य त्याला पाठ होतं. आईचं सगळ्यात लाडकं वाक्य. साडीची घडी हातात धरून ती गिऱ्हाइकाला म्हणायची, "साडी म्हणजे माणूसच हो. एका कुशीवर किती दिवस झोपेल? तीन महिन्यांनी कूस बदला तिची."

त्यानं ते टाइप केलं आणि पुसलं. त्याऐवजी लिहिलं, "दर तीन महिन्यांनी घडी उलगडून नवीन जागी घाला, नाहीतर घडीवर कापड फाटतं." आणि उठून पाणी प्यायला गेला.

आईला झटका आला होता तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. डावी बाजू गेली, बोलणं गेलं. आठ महिने ती अंथरुणात होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतील. त्यानं फोनमध्ये गजर लावले होते, दोन-दोन तासांचे. गजर वाजला की आप्पा खांद्याकडून, तो कमरेकडून. एक, दोन, तीन. आप्पा दर वेळी म्हणायचे, "झालं हं, झालं." आई एका डोळ्यानं बघत राहायची. एकदा तिच्या तोंडाचा चालता कोपरा हलला होता. धाकट्याला आजही खात्री होती, की तिला ते स्वतःचं वाक्य आठवलं होतं.

ती गेली त्या दिवशी दुपारी, सगळं आटोपून घरी आल्यावर, गजर वाजला. आप्पा उठले. खोलीच्या दारापर्यंत गेले. तिथून परत आले आणि भिंतीला धरून बसले. धाकट्यानं सगळे गजर काढून टाकले, एक-एक करून. बारा होते.

ताईनं पोस्ट वाचली आणि मान वर केली. "कुशीचं वाक्य कुठंय?"

"नको वाटलं."

"आण इकडं." तिनं फोन घेतला, स्वतः ते वाक्य घातलं आणि त्याच्याकडे न बघता पोस्ट टाकली. "तिचंच आहे सगळं. तिचंच वाक्य गाळतोस होय रे शहाण्या?"

पोस्ट चालली. अशी चालली की संध्याकाळपर्यंत मोबाइल गरम झाला. कुणी लिहिलं, "माझ्या साड्या गेली नऊ वर्षं एकाच कुशीवर आहेत, माफी कुठं मागू?" कुणी लिहिलं, "पिळायचं नाही हे आमच्या ह्यांना सांगा, ते मलाच पिळतात." शाळेतल्या जुन्या मास्तरीणबाई, आईच्या कायमच्या गिऱ्हाईक, त्यांनी नुसतं एवढंच लिहिलं: "आवाज ऐकू आला रे बाळा."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचाच एक प्रश्न आला. "माझ्याकडे टिश्यूची साडी आहे, लग्नातली. सहा-सात वर्षं प्लास्टिकमध्येच आहे. काय करू?"

टिश्यू म्हणजे रेशमाचा ताणा आणि बाण्याला सगळी जरच. दिसायला उन्हाचा तुकडा, पण जात नाजूक. घडीवर सगळ्यात आधी तीच फाटते. धाकट्यानं झटक्यात उत्तर दिलं: "आज काढा. उद्या नाही, आज. हळू उलगडा, ओढू नका. टिश्यूला घडीच घालू नका, पुठ्ठ्याच्या नळीवर सुती कापड गुंडाळून त्यावर साडी गुंडाळून ठेवा."

पाठवलं. आणि पाठवल्यावर स्वतःच ते पुन्हा वाचलं.

घरातल्या कपाटात, वरच्या कप्प्यात, एक टिश्यूची साडी होती. आप्पांनी ताईसाठी विणलेली. ताई तेव्हा बारावीत होती. चार महिने आप्पा मागावर होते. डोळे अधू व्हायला लागले होते, ही शेवटची म्हणाले आणि खरंच शेवटची ठरली. आईनं ती सुती कापडात गुंडाळून ठेवली, दर तीन महिन्यांनी काढायची, कूस बदलायची, ताईच्या खांद्यावर टाकून बघायची आणि पुन्हा ठेवायची. "लग्नात नेसशील तेव्हा मला नमस्कार कर, तुझ्या बापाला नको. त्यानं चार महिने सांभाळली, मी जन्मभर सांभाळतेय."

ताईचं लग्न पुढच्या गुरुवारी होतं. नोंदणी करायची, दहा माणसं, जेवण, संपलं. तिनं कशाचाच हट्ट केला नव्हता. दागिने नको, हॉल नको. फक्त ती साडी. आणि आप्पा म्हणाले होते, "देईन गं. त्या दिवशी सकाळी काढू. तिची घडी आहे, उगाच आधी मोडायची नाही."

पण ती घडी आता कशात होती, ते धाकट्यानं बघितलं होतं. त्याला माहीत होतं.

आई गेल्यावर महिन्याभरानं तो खोलीत शिरला तेव्हा आप्पा कपाटापुढं उभे होते. सुती फडकं बाजूला टाकलेलं. साडी त्यांनी एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत घातली होती, आत मूठभर डांबराच्या गोळ्या, आणि पिशवीचं तोंड ते मेणबत्तीवर धरून चिकटवत होते. रडत होते. आवाज न करता, लहान मुलासारखे. धाकटा दारातच उभा राहिला. "आप्पा, प्लास्टिक नको," एवढे तीन शब्द होते. काउंटरखाली बसून हजारदा ऐकलेले. ते त्याच्या तोंडातून निघाले नाहीत. तो परत फिरला. तेव्हा नाही बोलला, मग कसा बोलणार, असं करत सहा वर्षं गेली. आणि काल त्यानं जगाला सांगितलं होतं, प्लास्टिकमध्ये कधीच नाही.

"इकडं ये रे जरा," मागच्या खोलीतून आप्पांची हाक आली.

आप्पा मागाच्या फळीवर बसले होते. माग बंद होऊन वर्षं झाली, पण बसायचे तिथंच. चष्मा नाकावर, मोबाइल लांब धरलेला. पडद्यावर पोस्ट होती. ते अक्षर-अक्षर लावून वाचत असणार, कारण सकाळपासून त्यांचा फोन त्यांच्या हातातून सुटला नव्हता.

"हे प्लास्टिकचं कोणी सांगितलं तुला?"

"आईनं. म्हणजे, आई सांगायची सगळ्यांना."

"मला नाही सांगितलं कधी."

"तुम्ही पुढं येत कुठं होतात, आप्पा? तुम्ही मागावर असायचात."

आप्पांनी मान हलवली. हे खरं होतं. मागाच्या खटखटीत पुढचं काही ऐकू यायचं नाही. तिसेक वर्षं ती दहा पावलांवर बोलत होती आणि ते ऐकत नव्हते.

"मला वाटलं, बंद केलं की टिकेल," ते म्हणाले. "तिच्या हाताचा वास होता रे साडीला. ती साडीच्या उशाला लवंगा ठेवायची ना, तसा. मला वाटलं, उघडं ठेवलं तर उडून जाईल." मग फळीवरून उठत म्हणाले, "ताईला बोलाव."

ताई हात पुसत आली. आप्पांनी कनवटीची किल्ली काढली. कपाटाची पाठ न्हाणीघराच्या भिंतीला लागलेली होती. दार उघडताच डांबराच्या गोळ्यांचा वास असा आला की तिघांच्याही डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पिशवी आतून धुरकट झाली होती. धाकट्यानं ती कात्रीनं कापली, आणि आप्पा एकदम वाकले. नाक घडीला टेकवलं. खूप वेळ तसेच राहिले.

"काही नाही," ते म्हणाले. "नुसत्या गोळ्या."

जरीचे धागे ठिकठिकाणी काळे पडले होते. तरी वरून घडी नीट दिसत होती, चारही कोपरे जुळलेले. आईचीच घडी. ताईनं पलंगावर धुतलेली चादर अंथरली.

"हळू," धाकटा म्हणाला. "ओढू नका."

आप्पांनी घडीचा पहिला थर उचलला. ओढला नाही. नुसता उचलला. वाळलं पान पायाखाली आल्यासारखा बारीक आवाज झाला. साडी घडीवर फाटली. आडवी, काठापासून काठापर्यंत, कुणी पट्टी धरून कापल्यासारखी. त्यांनी दुसरी घडी उचलली. तीही. तिसरीला त्यांचे हात थांबले.

आणि मग त्या माणसानं जे केलं ते बघवत नव्हतं. त्यांनी चष्मा वर केला, फाटलेली कड डोळ्यांपाशी नेली आणि अंगठा आणि बोटात एक सुटा धागा पकडून दुसऱ्या बाजूचा धागा शोधायला लागले. मागावर ताणा तुटला की विणकर करतो तसं. गाठ मारायला. त्यांनी दोन धागे पकडले. गाठ मारली. धागा त्यांच्या बोटातच भुगा झाला.

"एक-दोन असते तर जोडले असते," ते म्हणाले. "सगळाच ताणा गेलाय."

"राहू द्या, आप्पा," ताई म्हणाली.

"दोन हजारांच्या वर धागे आहेत गं."

"राहू द्या म्हटलं ना."

धाकट्याला वाटलं, आता नाही बोललो तर पुन्हा सहा वर्षं जातील. "मी बघितलं होतं," तो म्हणाला. "तुम्ही पिशवी चिकटवत होतात तेव्हा. मी दारात होतो. मला माहीत होतं. मी बोललो नाही."

ताई त्याच्याकडे वळली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "तुला माहीत होतं," ती म्हणाली, सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा ठेवत. "माझी साडी तिथं कुजत होती आणि तुला माहीत होतं. मी दर दिवाणाला, दर कपाटाला बोट लावून धूळ बघते. एक शब्द बोलला असतास तर मी काढली असती. भांडले असते आप्पांशी, काढली असती."

"ते रडत होते गं."

"आपण सगळेच रडत होतो."

त्यानं कापलेली पिशवी उचलून चुरगाळली.

ताई बाहेर गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. बराच वेळ पाणी वाहत राहिलं. परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि हातात दुकानातली पुठ्ठ्याची नळी होती, कापडाच्या ताग्यातून उरलेली, आणि आईची जुनी मऊ सुती साडी, विटून विटून दुधाळ झालेली.

"फाड," तिनं धाकट्याकडे साडी फेकली. "अर्धी नळीला, अर्धी वरून."

"ही आईची आहे."

"मग काय पेपरात गुंडाळू?"

त्यानं फाडली. सुती कापड स्वच्छ, सरळ फाटलं, जिवंत कापड फाटतं तसं. अर्धं त्यांनी नळीवर गुंडाळलं. मग टिश्यूचा एकेक तुकडा, जरीची बाजू आत ठेवून, सुरकुती न पाडता. आप्पा खांद्याकडून, धाकटा कमरेकडून. कुणी ठरवलं नव्हतं, उभेच तसे राहिले. ताई मधे, नळी फिरवत. दर फेऱ्याला आप्पांच्या तोंडून आपोआप निघत होतं, "झालं हं, झालं." धाकट्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

मधली दोन हात लांब पट्टी तेवढी अखंड राहिली होती. ताईनं ती खांद्यावर टाकून आरशात बघितली. आई टाकायची तशी. काळे डाग, आणि त्यात मधेच कुठंतरी ते ऊन.

"गुरुवारी काय नेसशील?" आप्पांनी विचारलं.

"दुकान आहे आपलं, आप्पा. साड्यांना काय तोटा?" तिनं पट्टी उतरवली आणि नळीवर घातली. "पांढऱ्यातली एखादी. लाल काठाची."

मग तिनं धाकट्याकडे बघितलं. माफ केलं असं काही त्या बघण्यात नव्हतं. "मास्तरीणबाईंना फोन कर," ती म्हणाली. "लिहून थांबू नकोस. त्यांना एकटीनं उलगडू देऊ नकोस. जा तिथं तू."

"जातो."

वरून उरलेलं सुती कापड गुंडाळून झालं. नळी पांढरी दिसत होती, गुंडाळलेल्या तान्ह्या मुलासारखी. ती कुठं ठेवायची ते ठरेना. न्हाणीघराच्या भिंतीचं कपाट तर नकोच. शेवटी मागावर आडवी ठेवली, जिथं ती विणली होती तिथंच.

आप्पा फळीवर बसले. एक हात नळीवर ठेवला.

"आता हिची कूस कधी बदलायची?" त्यांनी विचारलं. "तीन महिन्यांनी? मी लक्षात ठेवीन आता. तू तो गजर लाव."

धाकट्यानं फोन काढला होता, मास्तरीणबाईंना लावायला. तो तसाच हातात राहिला.

"नाही लागत, आप्पा. नळीवर घातली की घडीच नसते. कूस बदलावी लागत नाही."

"म्हणजे काहीच करायचं नाही?"

"काहीच नाही."

आप्पांनी मान हलवली, समजल्यासारखी. हात मात्र तिथंच होता. थोड्या वेळानं त्यांनी नळी अगदी हलकेच, बोटभर, दुसऱ्या बाजूला फिरवली.

"झालं हं," ते म्हणाले.